कुठं अडलंय? बसा, बघू

हॉल ठरवायला गेले तेव्हा मालक काकांनी पहिला प्रश्न विचारला, "साईट कुठली आहे?" मला कळेचना. मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : कराड डेव्हलपर मीटअप. काकांना वाटलं, एन.ए. प्लॉटची स्कीम आहे आणि बुकिंगसाठी हॉल हवाय.

त्यांची चूक नव्हती. कराडमध्ये कुठल्याही रस्त्यावर उभं राहून पाट्या वाचा, 'डेव्हलपर्स' हा शब्द 'बिल्डर्स अँड' या दोन शब्दांच्या मागेच दिसेल. मी सात वर्षं पुण्यात काम करून परत आलेली, घरून काम करणारी. माझ्या कानाला या शब्दाचा दुसरा अर्थ सवयीचा झाला होता. गावाला नव्हता. पुण्यातल्या मीटअपच्या पोस्टरवर 'डेव्हलपर' म्हटलं की भागतं, कारण ते पोस्टर पाहणारे मुळात त्याच ग्रुपमधले असतात. इथं आमचा कागद झेरॉक्सच्या दुकानात, क्लासच्या जिन्यात आणि कुणाच्या तरी मामांच्या व्हॉट्सअॅपवर जाणार होता. त्या दिवशी काकांसमोरच मी 'डेव्हलपर मीटअप' खोडलं आणि 'सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची भेट' असं लिहिलं. काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे तुमच्यातली पोरं जमणार?" हो, म्हटलं. हॉल मिळाला.

'भेट' हा शब्दसुद्धा सहज आला नाही. आम्ही चौघं होतो. एक दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे दादा, एक विद्यानगरला शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, एक माझ्यासारखाच परत आलेला मित्र, आणि मी. 'मेळावा' म्हटलं की डोळ्यांसमोर शेतकरी मेळावा नाहीतर कार्यकर्ता मेळावा येतो, स्टेज आणि सत्कारासकट. 'शिबिर' म्हटलं की रक्तदान. 'कार्यशाळा' मला चालली असती, पण शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, "ताई, कार्यशाळा म्हटलं की सगळे सर्टिफिकेट विचारणार." ती बरोबर होती. कॉलेजातल्या मुलांसाठी कार्यशाळा म्हणजे शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. आम्ही ते देणार नव्हतो, तर तसा शब्द वापरून मुलांना बोलावणं म्हणजे फसवणूक झाली असती. शेवटी 'भेट' ठेवला. साधा आहे आणि काहीच कबूल करत नाही. कबूल काय करायचं ते टॅगलाईनने करायचं होतं.

टॅगलाईनचा पहिला मसुदा माझाच : 'पुण्याला न जाता'. मला तो फार आवडला होता. कराड ते पुणे साधारण 160 किलोमीटर, आणि आमच्यातल्या प्रत्येकानं तो हायवे एका ओळीच्या माहितीसाठी तुडवलेला. पण दादांनी वाचून कागद बाजूला ठेवला. ते म्हणाले, "मी कधी पुण्याला गेलोच नाही कामाला. बावीस दूध संस्था माझं सॉफ्टवेअर वापरतात. मग मी यात कुठं बसतो?" खरंच बसत नव्हते. ती ओळ फक्त माझ्यासारख्यांशी बोलत होती. जो इथंच राहिला त्याला ती नकळत सांगत होती की खरं काम तिकडं असतं. गावात घ्यायच्या कार्यक्रमाची ओळख शहराच्या नावानं करून द्यायची नाही, एवढं आमचं त्या दिवशी पक्कं झालं.

दुसरा मसुदा मित्राचा : 'संगम कोडचा'. कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. प्रीतिसंगमावर बसलेला कुणीही हे चित्र विसरत नाही, त्यामुळे मोह स्वाभाविक होता. पण इथं पतसंस्थेपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे संगम आहे. आम्ही एक साधी परीक्षा लावली : 'कोड' शब्द काढून तिथं 'सूर' किंवा 'विचार' घातला तर ओळ तशीच उभी राहते का? राहत होती. म्हणजे ती ओळ आमची नव्हती, कुणाचीही होती. खोडली.

त्यानंतर आठवडाभर काही सुचलं नाही. मग मी उलटी बाजू धरली. माणसं येऊन नेमकं काय करणार आहेत? आम्ही चौघं पहिल्यांदा भेटलो ते कसे? दादांचा फोन आला होता. त्यांच्या एका संस्थेत सभासदांची मराठी नावं सेव्ह केली की परत उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसत होती. मी विचारलं होतं, "कुठं अडलंय?" आणि घरी आल्यावर म्हटलं होतं, "बसा, बघू." डेटाबेस जुना होता, टेबलचा कॅरॅक्टर सेट `latin1` होता, आणि त्यात देवनागरी अक्षराला जागाच नाही. आधी बॅकअप घेतला, मग ही एक ओळ :

```sql
ALTER TABLE sabhasad CONVERT TO CHARACTER SET utf8mb4;
```

जोडणीची सेटिंगही `utf8mb4` केली. नवी नावं नीट बसू लागली. जी आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठली होती ती मात्र परत आली नाहीत, येऊही शकत नव्हती. ती दादांनी रजिस्टर घेऊन पुन्हा टाईप केली. आम्हाला कार्यक्रमात करायचं होतं ते हेच. म्हणून मी कागदावर फक्त दोन शब्द लिहिले : 'कुठं अडलंय?'

ही ओळ सगळ्यांना आवडली, एका माणसाला सोडून. माझे वडील. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. अडलेला माणूस म्हणजे लाचार माणूस. तू पोरांना दारात उभं करून विचारते आहेस, काय अडलंय तुझं?" मी वाद घातला, पण रात्री ओळ मोठ्यानं म्हणून पाहिली तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. नुसता प्रश्न आहे तोवर विचारणारा उभा आहे आणि ज्याचं अडलंय तोही उभा आहे. दोघांत उंची आहे. ती कशानं जाते? बसायला सांगितल्यानं. आपल्याकडे कुणी अडचण घेऊन आला की आधी म्हणतात 'बसा', आणि मग म्हणतात 'बघू'. त्या 'बघू'मध्ये सुटेलच अशी हमी नाही, पण सोबत आहे. टॅगलाईन झाली :

कुठं अडलंय? बसा, बघू.

वडिलांनी 'कुठे' करावं असं सुचवलं नाही, याचं मला बरं वाटलं. सातारा-कराडकडे माणूस 'कुठं' म्हणतो. लिहिताना 'कुठे' केलं की तोच प्रश्न चौकशीच्या खिडकीतून आल्यासारखा वाटतो.

ते काम फ्लेक्सच्या दुकानानं केलं. सहा बाय तीनचा बॅनर सांगितला होता आणि मजकूर व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवला होता. बॅनर आला तेव्हा 'कुठं' चं 'कुठे' झालं होतं आणि 'बनवणाऱ्यांची' चं 'बनवणार्यांची'. म्हणजे 'य' च्या डोक्यावर रफार. चूक कशी झाली ते मी तिथं बसून समजून घेतलं, कारण ती पुन्हा होणारच होती. तिथली डिझाईनची फाईल जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होती. अशा फाँटमध्ये युनिकोड मजकूर पेस्ट केला तर निरर्थक चिन्हं येतात, म्हणून तिथला मुलगा सगळा मजकूर हातानं पुन्हा टाईप करतो. टाईप करताना त्याच्या हाताला जे शुद्ध वाटतं ते येतं. 'ऱ्या' तला आडवा र आणि 'र्या' तला रफार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला आणि 'आचार्याला' म्हणजे गुरूला, पण घाईत तो फरक राहत नाही. युनिकोडमध्ये आडव्या र साठी `ऱ` हे वेगळं अक्षर आहे, `U+0931`. ते घेऊन पुढं हलन्त आणि य जोडला की बरोबर उमटतं.

उपाय सोपा निघाला : मजकूर पाठवायचाच नाही, चित्र पाठवायचं. मी इंकस्केपमध्ये ओळी मुक्ता फाँटमध्ये लावल्या, सगळं निवडून `Path > Object to Path` केलं आणि पीडीएफ दिली. त्यानंतर अक्षरं ही अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात, त्यामुळे समोरच्या संगणकावर कुठला फाँट आहे याला अर्थ उरत नाही. तोटा एवढाच की नंतर तारीख बदलायची तर पुन्हा माझ्याच फाईलवर यावं लागतं. म्हणून बॅनरवर तारीखच ठेवली नाही. 'दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा' एवढं ठेवलं. तो दुसरा बॅनर अजून चालतोय.

आता स्वागताचा मजकूर. हा ग्रुपवर जाणार होता आणि दारात एका कागदावर लागणार होता. माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता : 'सस्नेह नमस्कार. तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. सर्वांना सामावून घेणारा एक समुदाय उभारणे हे आमचे उद्दिष्ट आहे.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण व्हॉट्सअॅपवर लांब मेसेज अर्ध्यात तुटतो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. आमच्या मेसेजमध्ये वेळ आणि जागा त्या तुटण्याच्या खाली गेली होती. वर राहिलं ते स्वागत, आणि खाली गेलं ते कामाचं. त्या रविवारी अकरा जण आले, आणि त्याआधीच्या तीन दिवसांत मला त्याहून जास्त फोन.

ते फोन हाच मजकुराचा खरा कच्चा माल होता. मी वहीत प्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवले. फी किती? सर्टिफिकेट आहे का? कुठल्या कंपनीकडून आहे? इंग्लिशमध्ये बोलावं लागतं का? लॅपटॉप नाही, आलो तर चालेल का? आणि एक फोन मुलीचा नव्हता, तिच्या आईचा होता. उंब्रजहून. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः असणार का तिथं? आणि किती वाजता सोडणार? तिला एस.टी.नं यायचंय." मी सांगितलं, मी असेन, बरोबर एकला संपेल, आणि हॉल स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या म्हणाल्या, "मग असं लिहीत का नाही?"

यावर मला उत्तर नव्हतं. आम्ही 'मुलींचे विशेष स्वागत' असं लिहायचा विचार केला होता. त्या आईला विशेष स्वागत नको होतं. तिला नाव, वेळ आणि अंतर हवं होतं. मी ती ओळ काढली आणि तिथं लिहिलं की संयोजकांत दोन मुली आहेत, दोघी सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतात, भेट एकला संपते म्हणजे संपते. पुढच्या वेळी आणखी तिघी आल्या. एकीचे बाबा सोडायला आले होते. ते दारातला कागद उभ्यानं पूर्ण वाचून गेले.

इंग्रजीचा प्रश्नही असाच. 'कार्यक्रम मराठीत होईल' असं लिहिलं तर काही जणांना वाटलं, 'व्हेरिएबल'ला 'चल' म्हणायचं की काय. म्हणून उदाहरण घातलं : बोलणं मराठीत, शब्द जे रोज वापरता तेच. फंक्शनला फंक्शनच म्हणू.

पण स्वागताच्या मजकुरातली जी ओळ मला आज सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती फोनवरून आलेली नाही. ती एका चुकीतून आली. दुसऱ्या भेटीत एकानं आपलं बिलिंगचं सॉफ्टवेअर प्रोजेक्टरवर लावलं. शिल्लक रक्कम चुकत होती, आणि ती कुठं चुकते ते सगळ्यांनी मिळून बघावं म्हणून त्यानं ग्राहकाचा खरा डेटा उघडला. पडद्यावर एका दुकानाची उधारी आली, नावांसकट. खोलीत बसलेल्या एका मुलाचे काका त्या यादीत होते. तो काही बोलला नाही. चहाच्या वेळेला निघून गेला आणि परत आला नाही. चूक आमची होती; आम्हीच 'बसा, बघू' म्हटलं होतं आणि काय दाखवू नये हे कुणीच सांगितलं नव्हतं. मोठ्या शहरात पडद्यावरची नावं बहुतेकांना अनोळखी असतात. इथं कुणाचं ना कुणाचं नातं निघतंच. मी त्या मुलाला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, काकांना सांगितलं नाही मी." त्याहून अवघड वाक्य मी त्या महिन्यात ऐकलं नाही.

तेव्हापासून मजकुरात ती ओळ ठळक अक्षरांत आहे, आणि दादांनी दहा खोट्या नावांची एक नमुना फाईल करून ठेवली आहे. ज्याला काही दाखवायचं तो आधी ती भरून आणतो. त्यात एक मर्यादा आहे. काही चुका खऱ्या डेटातच दिसतात, जसं की एखाद्या नावात मधेच आलेली जादा स्पेस किंवा एखादी उणे रक्कम. अशा वेळी प्रोजेक्टर बंद करून तो आणि आणखी एकच जण कोपऱ्यात बसतात, आणि ग्राहकाला आधी विचारलेलं असतं.

टॅगलाईननं आणखी एक गोष्ट करायला लावली. पहिल्या भेटीत मी पाऊण तास स्लाईड दाखवत बोलले होते. निघताना एक जण दारातल्या बॅनरकडे बघून म्हणाला, "बसलो, पण बघितलं कुठं?" आता आधी वीस मिनिटं कुणीतरी एक विषय सांगतो, मग टेबलं मांडतो आणि उरलेला सगळा वेळ अडलेल्या कामांसाठी. एका टेबलाला चारपेक्षा जास्त माणसं बसली की मागचे नुसते प्रेक्षक होतात, म्हणून पाचवा आला की नवं टेबल.

सध्याचा मजकूर असा आहे :

*रविवारी सकाळी 10:30 ते 1. एस.टी. स्टँडपासून चालत 10 मिनिटं, क्लासच्या वर, दुसरा मजला.*
सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची भेट. फी नाही, सर्टिफिकेट नाही, कुठल्या कंपनीची जाहिरात नाही.
शिकत असाल, नोकरीत असाल, दुकानासाठी एक्सेलमध्ये काही करत असाल, तरी या. जिथं अडलंय ते घेऊन या. काही अडलं नसेल तर दुसऱ्याचं बघायला बसा.
बोलणं मराठीत. फंक्शनला फंक्शनच म्हणू.
*ग्राहकाचा खरा डेटा पडद्यावर लावायचा नाही. नमुना फाईल मागा, देतो.*
संयोजकांत दोन मुली आहेत, दोघी शेवटपर्यंत असतात. एकला नक्की संपतं.
लॅपटॉप नसला तरी चालेल. चहा आमच्याकडून.
आलात की सांगा, कुठं अडलंय. बसा, बघू.

फोन आता महिन्याला दोन-तीन येतात. कुठला प्रश्न फोनवर परत आला की मी आधी मजकूर काढून बघते : उत्तर त्यात नाही, की आहे पण फार खाली आहे? 'कुठल्या कंपनीकडून' हा प्रश्न दोनदा परत आला, म्हणून तो दुसऱ्या ओळीत चढला.

सध्या डोक्यात आहे ती लॅपटॉपची ओळ. लिहिली तेव्हा आमच्याकडे दोन जादा लॅपटॉप होते आणि विनालॅपटॉप येणारा एखादाच असायचा. मागच्या भेटीला असे पाच जण आले, त्यातले दोघे पाटणहून. तिघांना टेबलाच्या मागं उभं राहावं लागलं, आणि आमच्या बॅनरवर 'बसा' लिहिलंय. ओळ काढली तर तेच पाच जण यायचे थांबतील, म्हणून ती काढायची नाही हे नक्की. दादा दूध संस्थेतून बदललेले दोन जुने पीसी आणणार आहेत. त्यावर लिनक्स टाकून चालतात का ते शनिवारी रात्री बघायचंय. चालले तर ओळ तशीच राहील. नाही चालले तर 'लॅपटॉप नसेल तर आधी कळवा, जागा ठेवतो' असं करावं लागेल, आणि त्या 'आधी कळवा'नं कोण बिचकेल याची मला आत्तापासून काळजी वाटतेय.